डेक की इंजिन: बारावीनंतर मी कसं ठरवलं

बारावीचा निकाल लागायच्या आधीच घरात माझं ठरवून टाकलं होतं. मर्चंट नेव्हीत जायचं तर इंजिनला. कारण काय, तर मला पंखे, पंप, जुन्या मोटारी उघडून बसायची सवय होती. त्या न्यायाने चांगला स्वयंपाक करणारा प्रत्येक मुलगा हॉटेलमालक व्हायला हवा. आज मी थर्ड ऑफिसर आहे, म्हणजे डेकवर, जहाज चालवणाऱ्या बाजूला आहे. निवड उलटी का झाली आणि त्यापायी काय काय करावं लागलं, ते सांगतो.

माझा आतेभाऊ तेव्हा एका बल्क कॅरिअरवर सेकंड इंजिनिअर होता आणि सुट्टीवर आला होता. तो मला इंजिनकडेच ओढेल असं सगळ्यांना वाटलं. त्याने पहिल्यांदा विचारलं, "डोळे तपासलेस का?"

"मला चष्मा नाही, दादा."

"चष्मा नाही म्हणजे नंबर नाही असं थोडंच आहे? फॉर्म भरायच्या आधी डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडे जाऊन ये. बाकीच्या गप्पा नंतर."

डीजी शिपिंग म्हणजे सरकारचं जहाजवाहतुकीचं खातं. ही गोष्ट पहिल्यांदा करायची असते हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. डेकसाठी नजर चष्म्याशिवाय चांगली लागते, कारण रात्री क्षितिजावर दिसणारा दिवा पांढरा, लाल की हिरवा, यावरून समोरचं जहाज कुठे चाललंय हे ओळखायचं असतं. इंजिनसाठी ठराविक नंबरपर्यंत चष्मा चालतो. रंगांधळेपणा मात्र दोन्हीकडे अडतो. इंजिन रूममध्येसुद्धा वायरी, पाइपांवरचे पट्टे आणि अलार्मचे दिवे रंगांवरूनच ओळखले जातात. माझ्या वर्गातल्या एका मुलाला ठिपक्यांच्या रंगीत पाटीतला आकडा दिसलाच नाही. बारावीपर्यंत त्याला स्वतःला ते माहीत नव्हतं. प्रवेश परीक्षेची तयारी, क्लासची फी, सगळं झाल्यावर कळलं.

माझे डोळे दोन्हींसाठी पास झाले. म्हणजे आता खरंच निवडायचं होतं.

दादाने एका कागदावर दोन रांगा काढल्या. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून ६० टक्के आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के, ही अट दोन्हीकडे सारखी. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची, म्हणजे आयएमयूची सीईटी हीसुद्धा दोन्हीकडे एकच. फाटा फुटतो तो त्यानंतर.

डेकचा सगळ्यात छोटा रस्ता डीएनएस, म्हणजे डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स. एक वर्ष कॉलेजात राहायचं, मग डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ ऑफिसर म्हणून १८ महिन्यांचा सी टाइम, म्हणजे जहाजावरचा काळ, मग परत किनाऱ्यावर येऊन सेकंड मेटचा, म्हणजे डेक ऑफिसरच्या पहिल्या सर्टिफिकेटचा कोर्स आणि परीक्षा. दुसरा पर्याय तीन वर्षांचा बीएस्सी नॉटिकल सायन्स. त्यात कॉलेज जास्त आणि जहाजावरचा काळ कमी, १२ महिने. इंजिनकडे बारावीनंतरचा मुख्य रस्ता म्हणजे चार वर्षांचं बीटेक मरीन इंजिनिअरिंग. त्यानंतर ट्रेनी म्हणून सहा महिने जहाजावर आणि मग एमईओ क्लास फोर, म्हणजे इंजिनिअरच्या पहिल्या सर्टिफिकेटची परीक्षा. मेकॅनिकलची पदवी घेऊन नंतर जीएमई हा पदवीधरांसाठीचा कोर्स करूनही इंजिनला येता येतं. दादा स्वतः तसाच आला होता.

"आता हे बघ," तो म्हणाला. "डेकवाला जवळपास वर्षभरात समुद्रावर असतो. इंजिनवाला चार वर्षं वर्गात. सगळे बघतात ते पगार कोणाचा लवकर सुरू होतो एवढंच. तू दुसरं बघ. दोन वर्षांनी तुला कळलं, की जहाज आपल्याला झेपत नाही. तेव्हा तुझ्या हातात काय असेल?"

बीटेक झालेल्याच्या हातात पदवी असते. तो कारखान्यात, वीजनिर्मिती केंद्रात, देखभालीच्या कामात जाऊ शकतो. डीएनएस करून मधेच सोडणाऱ्याच्या हातात किनाऱ्यावर चालेल असं फारसं काही नसतं. डेकचं ज्ञान नांगर, होकायंत्र, माल आणि समुद्राचे नियम यांच्याशी बांधलेलं आहे. ते मोलाचं ठरतं ते वरची सर्टिफिकेटं हातात आल्यावर. मास्टर, म्हणजे कॅप्टन झालेला माणूस बंदरात जहाजं आत-बाहेर नेणारा पायलट होऊ शकतो, कंपनीच्या ऑफिसात ऑपरेशन्स बघू शकतो. पण तिथवर पोचण्याआधी डेक सोडणं महागात पडतं आणि इंजिन सोडणं त्या मानाने स्वस्तात. जवळपास सगळे जण मला "यंत्रं आवडतात की समुद्र?" असं विचारत होते. माझ्या मते विचारायला हवा होता तो प्रश्न दादाचा, मधेच सोडलं तर हातात काय उरेल.

मग हे सगळं कळूनही मी डेक का घेतला? दादाने जहाजावरचा दिवस कसा जातो ते सांगितलं म्हणून. डेकवर समुद्रात असताना चार तास वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, आठ तास सुट्टी, मग पुन्हा चार तास. थर्ड ऑफिसरचा वॉच बहुतेक जहाजांवर आठ ते बारा, सकाळी आणि रात्री. वॉचवर असताना बाकीचं जहाज झोपलेलं असो की जेवत असो, ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, निर्णय घेणारे तुम्हीच. इंजिनला आता बऱ्याच जहाजांवर रात्री इंजिन रूम रिकामी ठेवतात. दिवसा आठ ते पाच काम आणि रात्री ड्यूटीवरच्या इंजिनिअरच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो. वाजला की बॉयलर सूट चढवायचा आणि खाली जायचं, मग रात्रीचे दोन वाजले असोत की चार. खाली चाळीस-पंचेचाळीस अंश, कानावर मफ. बंदरात गेल्यावर चित्र उलटं होतं. डेकचा ऑफिसर माल चढता-उतरताना सहा तास काम, सहा तास आराम अशा चक्रात अडकतो आणि इंजिनवाल्यांना मुख्य इंजिन थंड मिळतं, म्हणून पिस्टन काढायचं, व्हॉल्व्ह बदलायचं मोठं काम त्याच वेळी निघतं. बंदर बघायला मिळतं हा समज दोघांनीही सोडून द्यावा.

मला बिघडलेली वस्तू उघडून बसायला आवडायचं, पण शांतपणे, माझ्या वेळेने. "आत्ता, इथे, झोपेतून उठून" हे मला आवडेल का, याची खात्री नव्हती. उलट नकाशे, गणित, वेळ, अंतर यांत मी तासन्‌तास रमायचो. हे कारण ऐकायला फार भारदस्त नाही, हे मान्य. पण खरं कारण हेच.

दादाला ते पटलं. त्याने फक्त एक अट घातली, "स्पॉन्सरशिपशिवाय डीएनएसच्या वाटेला जाऊ नकोस."

हे डीएनएसचं सगळ्यात नाजूक ठिकाण. आयएमयूत डीएनएसला प्रवेश घेताना शिपिंग कंपनीचं प्रायोजकत्वाचं पत्र लागतं, म्हणजे कोर्स संपल्यावर आम्ही याला कॅडेट म्हणून जहाज देऊ असं कंपनीने लिहून दिलेलं असतं. त्यामुळे खरी निवड कॉलेज करत नाही, कंपनी करते. लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, कंपनीची स्वतःची मेडिकल, हे सगळं वेगळं. सीईटीची रँक चांगली म्हणून काम झालं असं नसतं. मी एकामागून एक कंपन्यांचे अर्ज भरत होतो. एका मुलाखतीत विचारलं, "जहाज पाण्यावर का तरंगतं?" मी आर्किमिडीज सांगितला. पुढचा प्रश्न, "मग नदीतून समुद्रात गेल्यावर ते वर येईल की खाली जाईल?" खारं पाणी जड, म्हणून तेवढंच वजन तोलायला कमी पाणी बाजूला सारावं लागतं आणि जहाज थोडं वर येतं. हे बारावीचंच फिजिक्स, पण जहाजाच्या अंगाने विचारलेलं. प्रश्न असेच येतात.

याच काळात दोन एजंटही भेटले. एकाने कॅडेटची जागा "पक्की" करून देण्यासाठी पैसे मागितले. नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं एमएलसी २००६ या आंतरराष्ट्रीय कराराला धरून नाही, आणि भारतात भरती करणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल हा परवाना लागतो. परवान्यांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर असते. दादाने तिथे त्या एजंटचं नाव शोधायला लावलं. ते यादीत नव्हतं. विषय संपला.

स्पॉन्सरशिप मिळाली, कोर्स झाला. कॉलेजच्या वर्षाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहाटेची पीटी, गणवेश, दोऱ्यांच्या गाठी, चार्टवर्क, आणि टक्कर टाळण्याचे नियम तोंडपाठ. शेवटी आग विझवणं, जीव वाचवणं, प्रथमोपचार असे एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे लागणारे छोटे कोर्स, आयएनडीओएस हा खलाशाचा ओळख नंबर आणि सीडीसी. सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक. त्यात प्रत्येक जहाजावर चढल्याची आणि उतरल्याची तारीख पडते, आणि सी टाइम मोजला जातो तो त्या तारखांवरून. स्पॉन्सरशिप असूनही पहिल्या जॉइनिंगची वाट बघत काही महिने घरी बसावं लागलं. ते पत्र तारीख देत नाही, हे तेव्हा समजलं. एकदा उतरल्यावर पुढचं जहाज मिळेपर्यंतचे दिवस सी टाइममध्ये धरत नाहीत. म्हणून १८ महिने कॅलेंडरवर १८ महिन्यांत क्वचितच संपतात.

पहिल्या जहाजावर मी सहा-सात आठवडे ब्रिजवर जवळजवळ गेलोच नाही. सारंगच्या, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या हाताखाली गंज खरवडणं, रंग लावणं, मालाचे होल्ड धुणं, बॅलास्ट टँकमधल्या पाण्याची पातळी मोजणं. हे काम शिकायलाच हवं. ज्याने जहाज धक्क्याला बांधायचा मूरिंगचा दोर हातात धरलेला नाही त्याने पुढे दोरांवर माणसं उभी करू नयेत. पण एक गोष्ट तेव्हा माहीत असावी लागते. एसटीसीडब्ल्यू करारात डेक ऑफिसरच्या पहिल्या सर्टिफिकेटसाठी लिहिलंय, की सी टाइमपैकी निदान सहा महिने कॅप्टन किंवा पात्र ऑफिसरच्या देखरेखीखाली ब्रिजवर वॉच केलेला असावा. इंजिनकडेही तसंच, सहा महिने इंजिन रूममधली वॉचकीपिंगची कामं. कॅडेट म्हणजे कंपनीला दोन जास्तीचे हात मिळालेले असतात. त्याने मागितलं नाही तर तो रंगच लावत राहतो. आणि शेवटच्या जहाजावरून उतरताना कॅप्टनच्या दाखल्यात ते सहा महिने दिसले नाहीत, तर परीक्षेचा अर्ज तिथेच अडतो. मी चीफ ऑफिसरकडे जाऊन टीएआर बुक उघडून दाखवलं. या वहीत प्रत्येक काम करून दाखवल्यावर ऑफिसरची सही लागते. माझी ब्रिजची पानं कोरी होती. त्याने पाहिलं, "हं" म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या चार ते आठच्या वॉचला मला स्वतःबरोबर घेतलं.

डेक आणि इंजिन यांतला फरक मला खऱ्या अर्थाने कळला तो एका रात्रीत. आम्ही उत्तर युरोपातल्या एका बंदराकडे चाललो होतो. तिथल्या समुद्रात इंधनात ०.१० टक्क्यापेक्षा जास्त गंधक चालत नाही, म्हणून आधीच इंधन बदलून हलकं डिझेलसारखं तेल सुरू केलं होतं. पायलट घ्यायला काही मैल उरले होते. वेग कमी केलेला, कॅप्टन ब्रिजवर, मी लुकआउटला. अचानक सगळे दिवे गेले. पंखे थांबले आणि एवढी शांतता झाली, की चार्ट टेबलावरचं घड्याळ ऐकू आलं.

काही सेकंदांत आपत्कालीन जनरेटर सुरू झाला. नियमाप्रमाणे तो ४५ सेकंदांच्या आत भार उचलतो. थोडे दिवे आले, रेडिओ आला, सुकाणूची एक मोटर आली. पण मुख्य इंजिन बंद पडलेलं होतं, आणि जहाज मंदावत जातं तसा सुकाणूचा जोरही कमी होत जातो. कॅप्टनने मला एवढंच सांगितलं, "एनयूसी." म्हणजे जहाज आमच्या ताब्यात नाही, हे सांगणारे दोन लाल दिवे, एकाखाली एक. मी बटणं दाबली, ब्रिजच्या पंखावर, म्हणजे बाजूच्या टोकाला जाऊन दिवे लागलेत का ते पाहिलं, वेळ लिहिली. सेकंड ऑफिसर व्हीएचएफ रेडिओवर बंदराच्या वाहतूक केंद्राला सांगत होता. सारंगला पुढे नांगराकडे पाठवलं. रडारवर डावीकडे एक जहाज आणि पुढे उथळ पाणी. प्रवाह आम्हाला कुठे नेतोय ते दर दोन मिनिटांनी मोजायचं आणि कॅप्टनला सांगायचं, एवढंच काम माझ्याकडे होतं. कॅप्टन खाली फोन करून विचारत होता, "किती वेळ?"

खाली काय चाललं होतं ते मला नंतर इंजिन कॅडेटने मेसमध्ये सांगितलं. जड तेलाने वर्षानुवर्षं पाइपांत जो गाळ साठतो, तो हलकं तेल धुऊन काढतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन अडकतो. जनरेटरांच्या इंधनाचा दाब पडला. एक जनरेटर ट्रिप झाला, सगळा भार दुसऱ्यावर गेला, तोही गेला. तिसरा आपोआप सुरू झाला, पण तेलाची लाइन तीच असल्याने तोही टिकला नाही. आपत्कालीन जनरेटर वाचला कारण त्याची टाकी वेगळी असते. चार साब, म्हणजे फोर्थ इंजिनिअर, आणि हा कॅडेट बॅटरीच्या उजेडात फिल्टर उघडून साफ करत होते. फोनवर दो साब, म्हणजे सेकंड इंजिनिअर, कॅप्टनला म्हणत होता, "दहा मिनिटं, सर." ती दहा मिनिटं कशाच्या हिशोबाने होती, असं मी विचारलं.

"काही हिशोब नव्हता रे," तो म्हणाला. "एक फिल्टर साफ व्हायला लागतात त्यापेक्षा थोडी जास्त सांगितली."

मग त्याने मला विचारलं, "वर किती जवळ होतं ते जहाज?" त्याला काहीच माहीत नव्हतं. इंजिन रूमला खिडकी नसते. त्याला बिघाड दिसत होता आणि तो हाताने दुरुस्त करता येत होता, पण आपण कशावर जाऊन आदळणार आहोत हे दिसत नव्हतं. मला सगळं दिसत होतं आणि दुरुस्त करायला हातात काही नव्हतं. नांगर टाकायचा की थांबायचं, हे अर्धवट माहितीवर ठरवायचं होतं, आणि ते ठरवणारा एक दिवस मीच असणार होतो. वीज परत आली, इंजिन सुरू झालं, नांगर टाकावा लागला नाही. पायलट उशिरा चढला एवढंच.

या दोन प्रकारच्या अस्वस्थतेपैकी कुठली सोसवेल, हे बारावीच्या मुलाला घरी बसून कळणार नाही. पण त्याने स्वतःला विचारून पाहावं. माझ्या ओळखीचे चांगले इंजिनिअर असे आहेत, की ज्यांना काय बिघडलंय हे माहीत असलं की झोप येते. वर काय चाललंय याची त्यांना फिकीर नसते. आणि मला दिसत नसलेल्या धोक्याच्या शेजारी दहा मिनिटं हात चालवणं जमलं नसतं.

दहावीनंतरचाही एक रस्ता आहे, जीपी रेटिंगचा. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, मग खलाशी म्हणून डेक किंवा इंजिन दोन्हीकडे काम. तिथे निवड आधी न करता दोन्ही बघून करता येते, हा त्याचा खरा फायदा. तिथून ऑफिसर होता येतं, पण मान्यताप्राप्त कॅडेट प्रशिक्षण नसेल तर एसटीसीडब्ल्यूप्रमाणे १२ ऐवजी निदान ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, आणि मग तीच परीक्षा. आमचा एक थर्ड ऑफिसर असा आला होता. दोरांच्या कामात त्याच्याइतका हुशार माणूस मी पाहिला नाही. चार्टवर्क त्याने रात्री केबिनमध्ये बसून शिकलं होतं.

माझा सी टाइम पुरा झाल्यावर सेकंड मेटचा कोर्स, जीएमडीएसएसचा रेडिओ परवाना, लेखी आणि तोंडी परीक्षा, यांतच पुढचे बरेच महिने गेले. तोंडी परीक्षेत परीक्षा घेणाऱ्या सर्व्हेअरने टेबलावर दोन छोटी लाकडी जहाजं ठेवली, एकावर दोन लाल दिवे आहेत असं सांगितलं आणि विचारलं, "तू दुसऱ्या जहाजावर आहेस. काय करशील?" त्याच्या वाटेतून मी बाजूला होईन असं सांगितलं, का तेही सांगितलं. मग त्याने विचारलं, "ते जहाज पाण्यातून पुढे सरकतंय की नाही, हे तुला रात्री कसं कळेल?" एनयूसी जहाज सरकत असेल तर दोन लाल दिव्यांबरोबर बाजूचे आणि मागचा दिवाही लावतं, थांबलेलं असेल तर फक्त लालच. त्या रात्री आमच्या जहाजाचा वेग पार संपला तेव्हा कॅप्टनने बाजूचे आणि मागचा दिवा मला स्वतःच विझवायला लावले होते. सर्व्हेअर पुढच्या प्रश्नाकडे वळला, तो प्रश्न धुक्यातल्या भोंग्याचा होता.